काट्यावरच्या कारकुनाची घरगुती चौकशी: सुनावणीची नोटीस कशी लिहावी

प्रश्न: आमची जिनिंग-प्रेसिंग हिंगणघाट तालुक्यात आहे. सीझनमध्ये साठ-सत्तर माणसे असतात. 18 डिसेंबरला काट्यावरच्या कारकुनाने एका मेटॅडोरचे रिकामे वजन 2,310 ऐवजी 2,130 किलो टाकले, म्हणजे कापूस 180 किलो जास्त दाखवला. मी गाडी गेटवर थांबवून पुन्हा काट्यावर घेतली तेव्हा कळले. निलंबित केले, 24 डिसेंबरला आरोपपत्र दिले, खुलासा आला पण पटण्यासारखा नाही. आता चौकशी मीच घेणार आहे आणि सीझन संपायच्या आत उरकायची आहे. सुनावणीची नोटीस कशी लिहायची? तो वकील आणतो म्हणतो आणि कागदही मागतो. ते द्यायलाच पाहिजेत का?

उत्तर:

नोटिशीचा मसुदा पुढे देतो, परंतु तिच्याखाली तुमची सही असू नये, हे आधी सांगणे भाग आहे. गाडी तुम्ही थांबवली, पुन्हा काट्यावर तुम्ही घेतली आणि चूक तुम्हीच पकडली. म्हणजे या प्रकरणात व्यवस्थापनाचे सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार तुम्ही आहात. जो साक्षीदार आहे त्यानेच चौकशी अधिकारी होऊन आपल्याच साक्षीवर विश्वास ठेवायचा, ही गोष्ट कोणत्याही कामगार न्यायालयात टिकत नाही. मालकांनी लेखी आदेश काढून या घटनेशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीची चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक करावी. ती व्यक्ती तुमच्या दुसऱ्या युनिटचा व्यवस्थापक असू शकते, निवृत्त अधिकारी असू शकते किंवा बाहेरचा वकीलही असू शकतो. व्यवस्थापनाची बाजू मांडण्यासाठी वेगळा सादरकर्ता अधिकारी नेमावा. हिशेबनीस असेल तर उत्तम, कारण या प्रकरणातले बहुतेक कागद त्याच्याच कपाटात असतात. सुनावणीची नोटीस चौकशी अधिकाऱ्याच्या सहीने निघते आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत तिला जोडलेली असते.

दुसरी अडचण घाईची आहे. महाराष्ट्रात 1971 चा कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीच्या पहिल्याच बाबीत, घरगुती चौकशीत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने कामगाराला काढणे ही अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. सीझन मार्चमध्ये संपो की एप्रिलमध्ये, त्याचा चौकशीच्या तारखांशी संबंध लावू नका आणि तसे कोणत्याही पत्रात लिहूही नका. "सीझन संपण्यापूर्वी निकाल लावावा" असा मालकांचा शेरा असलेली फाईल उलटतपासणीत बाहेर आली, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

कायद्याच्या लागू होण्याबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या व्यवस्थेत महाराष्ट्रात 50 कामगारांच्या आस्थापनेलाही स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे व शिस्तीचे लेखी नियम, लागू होत असत, आणि आदर्श स्थायी आदेशांच्या कलम 24 मध्ये गैरवर्तनाची यादी व कलम 25 मध्ये चौकशीची पद्धत दिलेली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून तिच्यात स्थायी आदेशांसाठी 300 कामगारांची मर्यादा आहे. त्यामुळे "आता आपल्याला काहीच बंधन नाही" अशी चर्चा जिनिंगवाल्यांमध्ये ऐकू येते, आणि ती चुकीची आहे. आरोप स्पष्ट सांगणे, साक्षी कामगाराच्या समोर घेणे, उलटतपासणीची व बचावाचे साक्षीदार आणण्याची संधी देणे आणि निष्कर्ष कारणांसह लिहिणे या गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली सुर एनॅमल प्रकरणात सांगितल्या, आणि त्या कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. माझा सल्ला असा की नियुक्तिपत्रात किंवा फलकावर लावलेल्या आदेशांत जी पद्धत असेल ती पाळा, आणि काहीच नसेल तर कलम 25 ची जुनी पद्धत जशीच्या तशी स्वीकारा. ती जाचक नाही.

आता आरोपाकडे वळू, कारण नोटीस बहुतेक वेळा इथेच फसते. "आपण वजनात घोटाळा करून कंपनीचा विश्वासघात केला" असे वाक्य मी अनेक आरोपपत्रांत वाचले आहे. त्याला कामगार फक्त "नाही" एवढेच उत्तर देऊ शकतो, कारण कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीत, कोणत्या आकड्याबद्दल बोलणे चालले आहे हे त्याला कळतच नाही. ज्याला घटनेची काही माहिती नाही अशा माणसाला आरोप वाचून दाखवावा. गाडी कोणती, पावती कोणती, आकडा कोणता आणि त्यात कामगाराने नेमके काय केले हे त्याला सांगता आले, तर आरोप पुरेसा स्पष्ट आहे असे समजावे.

तुमच्या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. 2,310 आणि 2,130 या आकड्यांत मधले दोन अंक उलटे झालेले आहेत. दिवसभरात शेकडो पावत्या करणाऱ्या माणसाकडून असे चुकून होऊ शकते, आणि त्याच्या खुलाशात बहुधा हेच लिहिलेले असेल. म्हणून तुमचा आरोप अप्रामाणिकपणाचा आहे की घोर निष्काळजीपणाचा, हे आरोपपत्रातच ठरलेले असावे लागते. दोन्ही लावायचे असतील तर दोन वेगळे आरोप म्हणून लावता येतात: पहिला, रिकामे वजन जाणूनबुजून कमी नोंदवून गाडीवाल्याला 180 किलो कापसाचे पैसे जास्त मिळतील अशी तजवीज केली, आणि त्याला पर्याय म्हणून दुसरा, काट्यावर दिसणारे वजन न पाहता हाताने आकडा टाकून घोर निष्काळजीपणा केला. नुसता "घोटाळा" लिहिला आणि चौकशीत हेतू सिद्ध झाला नाही, तर निष्काळजीपणाबद्दल शिक्षा करता येत नाही, कारण तो आरोपच त्याच्यावर कधी ठेवलेला नव्हता. तुमच्या 24 डिसेंबरच्या आरोपपत्रात हा भाग कच्चा असेल, तर नोटिशीत तो गुपचूप दुरुस्त करू नका. आधी पुरवणी आरोपपत्र द्या, त्यावर खुलाशासाठी सात दिवस द्या, आणि मगच सुनावणीची तारीख लावा. नोटिशीतले आरोप आरोपपत्रातल्या आरोपांशी शब्दशः जुळले पाहिजेत. "यापूर्वीही आपल्याबद्दल तक्रारी होत्या" यासारखे वाक्यही आरोपपत्रात नसेल तर नोटिशीत येऊ नये.

हे सर्व जुळले आहे असे धरून मसुदा असा होईल:

> प्रति,
> श्री. (पूर्ण नाव), काटा लिपिक (निलंबित), मु. पो. (गाव), ता. हिंगणघाट, जि. वर्धा.
>
> विषय: 24 डिसेंबर 2025 च्या आरोपपत्राबाबत घरगुती चौकशीच्या सुनावणीची सूचना.
>
> आपणास दिलेले उपरोक्त आरोपपत्र व त्यावरील आपला 31 डिसेंबर 2025 चा खुलासा विचारात घेऊन व्यवस्थापनाने या प्रकरणी चौकशी करण्याचे ठरविले असून माझी चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक केली आहे. आदेशाची प्रत सोबत आहे.
>
> चौकशी पुढील आरोपांबाबत होईल. आरोप पहिला: 18 डिसेंबर 2025 रोजी दुपारी सुमारे 3.40 वाजता मेटॅडोर क्रमांक (…) चे भरलेले वजन 4,860 किलो असताना, व रिकामे वजन 2,310 किलो असताना, आपण पावती क्रमांक (…) वर रिकामे वजन जाणीवपूर्वक 2,130 किलो नोंदविले. त्यामुळे कापसाचे निव्वळ वजन 2,550 ऐवजी 2,730 किलो दिसून, 7,400 रुपये क्विंटल या त्या दिवशीच्या भावाने 13,320 रुपये जादा देय झाले. आरोप दुसरा, पर्यायी: आपण काट्यावरील प्रत्यक्ष वजन न पाहता आकडा हाताने भरून घोर निष्काळजीपणा केला.
>
> सुनावणी 20 जानेवारी 2026 रोजी सकाळी 11 वाजता फॅक्टरीच्या कार्यालयात होईल. आपण निलंबित असलात तरी त्या दिवशी आपणास व आपल्या साहाय्यकास गेटवर प्रवेश देण्याची सूचना दिलेली आहे.
>
> आपल्या बचावासाठी आपण आपल्या विभागातील एखाद्या सहकामगाराचे, किंवा आपण ज्या कामगार संघटनेचे सदस्य आहात तिच्या पदाधिकाऱ्याचे साहाय्य घेऊ शकता. त्याचे नाव शक्यतो 16 जानेवारीपर्यंत कळवावे. सहकामगारास त्या दिवसाचे वेतन मिळेल.
>
> व्यवस्थापन ज्या कागदपत्रांचा आधार घेणार आहे त्यांच्या प्रती व साक्षीदारांची यादी सोबत जोडली आहे. आणखी कागदपत्रे हवी असल्यास त्यांची यादी व आरोपाशी असलेला संबंध कळवावा. मूळ कागदपत्रे 12 ते 17 जानेवारी या काळात कार्यालयीन वेळेत पाहता येतील. व्यवस्थापनाच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा, स्वतः साक्ष देण्याचा व आपले साक्षीदार तपासण्याचा आपणास अधिकार आहे.
>
> योग्य कारण न कळवता आपण गैरहजर राहिल्यास चौकशी आपल्या अनुपस्थितीत पुढे चालविली जाईल.
>
> (सही) चौकशी अधिकारी. दिनांक 8 जानेवारी 2026.

यात "आपला खुलासा असमाधानकारक असल्याने" किंवा "आपण केलेल्या अपहाराबाबत" असे शब्द नाहीत, हे लक्षात घ्या. चौकशी अधिकाऱ्याने सुनावणीपूर्वीच अपहार झाला असे लिहिले, तर सुनावणी कशासाठी, असा प्रश्न न्यायालय विचारते. "आपणास कामावरून का काढू नये" हे वाक्यही इथे नसावे. ते चौकशीचा अहवाल आल्यानंतरच्या पत्रात येते, आणि त्याआधी अहवालाची प्रत कामगाराला द्यावी लागते.

तारखेबाबत कायद्यात दिवसांचा ठरावीक आकडा दिलेला नाही. कागद वाचून, माणूस गाठून तयारी करायला पुरेसा वेळ मिळाला का, एवढेच पाहिले जाते. नोटीस हाती पडल्यापासून सुनावणीपर्यंत किमान सात पूर्ण दिवस मिळावेत, असे मी धरतो. वरच्या मसुद्यात 8 तारखेची नोटीस टपालाने 10 तारखेला पोहोचली तरी वेळ उरतो. तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी लावू नका, कारण त्या दिवशी गावाकडच्या एसटीत चढता येत नाही आणि साक्षीला बोलवायचा मेटॅडोरवालाही धंद्यावर असतो. वेळ सकाळची नऊची ठेवण्याऐवजी अकराची ठेवली तर पहिली गाडी चुकली म्हणून गैरहजेरी लागत नाही. गेटवरच्या चौकीदाराला लेखी सूचना द्या आणि तिची प्रत चौकशीच्या फाईलला लावा. निलंबित माणसाला आत सोडू नये असा हुकूम गेटवर आधीच दिलेला असतो, चौकीदार तो इमानाने पाळतो, कामगार दुपारपर्यंत गेटबाहेर बसून परत जातो आणि आत त्याच्या नावापुढे "गैरहजर, एकतर्फी" अशी नोंद होते. अशी चौकशी पुढे रद्द होणे जवळपास ठरलेलेच असते.

वकिलाच्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाची बाजू कोण मांडणार यावर अवलंबून आहे. घरगुती चौकशीत वकील मिळण्याचा सर्वसाधारण हक्क कामगाराला नाही, आणि साहाय्यक कोण असावा हे स्थायी आदेश जसे ठरवतात तसे ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने क्रेसेंट डाईज प्रकरणात महाराष्ट्राच्याच कायद्याच्या संदर्भात सांगितले. परंतु सादरकर्ता अधिकारी म्हणून तुम्ही नागपूरहून वकील किंवा कायद्याची पदवी असलेला अधिकारी आणलात, तर कामगारालाही वकील द्यावा लागतो. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या प्रकरणात हे ठरलेले आहे. म्हणून हिशेबनीस सादरकर्ता ठेवा आणि वकिलाची विनंती कारणांसह लेखी नाकारा. आरोपामुळे फौजदारी गुन्हाही नोंदवला गेला असेल, तर मात्र वकील नाकारण्यापूर्वी परिस्थितीचा पुन्हा विचार करावा. माझे मत विचाराल तर अशा वेळी वकील येऊ द्यावा, चौकशीला एक-दोन तारखा जास्त लागतील, पण निकाल पक्का होतो.

साहाय्यकाबाबत खरी अडचण वेगळीच असते. काट्यावर दोनच माणसे असतात आणि दुसरा बहुधा तुमचा साक्षीदार असतो, त्यामुळे "आपल्या विभागातील सहकामगार" हा हक्क कागदावरच उरतो. अशा वेळी कोणत्याही विभागातला कामगार चालेल असे चौकशी अधिकाऱ्याने रोजनाम्यात नोंदवावे. मग तो प्रेसवरचा असो की गोदामातला. जो साहाय्यक म्हणून बसेल त्याला नंतर पाळी बदलून किंवा हंगामी कामावर पुन्हा न घेऊन त्रास दिला जाऊ नये, हे मालकांना स्पष्ट सांगा. मागच्या वेळी साहाय्यक राहिलेल्याचे काय झाले हे सगळ्या गावाला ठाऊक असते, आणि पुढच्या वेळी कोणीच पुढे येत नाही.

कागदांचा प्रश्न तुमच्या प्रकरणात सर्वांत वजनदार आहे. ज्या कागदावर तुम्ही विसंबणार आहात त्याची प्रत दिलीच पाहिजे. इथे ते कागद म्हणजे वादग्रस्त पावती, गाडी परत काट्यावर घेतली तेव्हाची दुसरी पावती, त्याच आठवड्यातल्या त्याच गाडीच्या पावत्या, गेटची आवक नोंदवही आणि त्या दिवशीचा हजेरीपट. आधीच्या फेऱ्यांमध्येही रिकामे वजन 2,310 च्या आसपासच आले असेल, तर 2,130 हा आकडा काट्याचा नाही हे त्यावरूनच दिसते. पावती नेमकी कोणी काढली हे तुमच्या काट्याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींवरून कळू शकते. आकडा काट्यावरून आपोआप आला की हाताने भरला, आणि कोणत्या खात्यातून भरला, हे त्यात दिसत असेल तर त्याची छापील प्रत कागदांत जोडा आणि ती कोणी, कधी काढली हे तिच्यावर लिहून सही घ्या. कॅमेऱ्याचे चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते. ते अजून असेल तर आजच वेगळे काढून ठेवा आणि कामगाराला दाखवण्याची तारीख नोटिशीत लिहा. चित्रण त्याला न दाखवता "कॅमेऱ्यात दिसते" असे साक्षीदाराने म्हणण्याला काही किंमत नाही.

आता तो जे मागेल त्याबद्दल. काट्याचे वैधमापन पडताळणी प्रमाणपत्र, काटा दुरुस्तीची बिले, आणि सॉफ्टवेअरचा पासवर्ड किती जणांकडे होता याची नोंद हे तीन कागद तो मागण्याची दाट शक्यता आहे. हे तिन्ही त्याच्या बचावाशी सरळ निगडित आहेत, म्हणून ते द्यावे लागतील. पासवर्ड काट्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो, अशी स्थिती बहुतेक जिनिंगमध्ये असते, आणि तुमच्याकडेही तसेच असेल तर हेतूचा आरोप सिद्ध करणे कठीण जाईल. मग पर्यायी आरोपाचेच महत्त्व वाढते. मात्र पाच वर्षांच्या सगळ्या पावत्या, किंवा मालकांच्या बँकेचे उतारे असे काही मागितले तर संबंध काय हे विचारून, कारण लिहून नकार देता येतो. नकार तोंडी देऊ नये.

नोटीस मराठीतच असावी. मुख्य कार्यालयाकडून इंग्रजी मसुदा आला तर त्याचे मराठी करून तेच बजावावे, आणि साक्षीदार वऱ्हाडीत बोलला तर त्याचे शब्द शक्यतो तसेच लिहून घ्यावेत. बजावणी हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. सही नाकारली तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तसे लिहा आणि त्याच दिवशी नोंदीतल्या पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवा. नोटीस चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. आरोप सिद्ध होण्याआधी माणसाची गावात बदनामी होते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही उपयोगही होत नाही. 20 तारखेला तो आला नाही तर पहिल्याच दिवशी एकतर्फी जाऊ नका. एक तारीख आणखी द्या, तशी पुन्हा नोटीस पाठवा, आणि त्यानंतरही तो आला नाही तरच पुढे चला. एकतर्फी चौकशीतही साक्षीदार तपासून कागद सिद्ध करावेच लागतात. "गैरहजर, म्हणून दोषी" असे होत नाही.

नोटीस काढण्यापूर्वी निर्वाह भत्त्याचा हिशेब तपासा. निलंबनाच्या पहिल्या 90 दिवसांसाठी वेतनाच्या निम्मा आणि त्यापुढे तीन-चतुर्थांश भत्ता द्यावा लागतो, आणि जुन्या महाराष्ट्राच्या आदेशांत लांबलेल्या चौकशीसाठी याहून अधिक तरतूद आहे. ज्याला भत्ताच दिला नाही तो पैशाअभावी सुनावणीला येऊ शकला नाही असे म्हणाला, तर ती चौकशी टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत ठरवले आहे. तुमच्या कारकुनाचा डिसेंबरचा भत्ता बाकी असेल, तर तो आधी द्या, व्हाउचरवर सही घ्या आणि त्या व्हाउचरचा क्रमांक व तारीख नोटिशीच्या शेवटी नमूद करायला चौकशी अधिकाऱ्याला सांगा.